हिंदी तर आपल्याला येतेच

सोलापुरातून उत्तरेकडे टॉवेल आणि चादरी पाठवणाऱ्या कारखानदारांनी हिंदी पत्रव्यवहारासाठी जाणकार माणूस ठेवण्याची उधळपट्टी मुळीच करू नये. लिपी एकच आहे, निम्मे शब्द तेच आहेत, आणि ‘है’च्या जागी ‘आहे’ बसवले की ईमेलचे भाषांतर होते. शिवाय आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड आणि बाजारातली हिंदी एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येत असल्यामुळे येथे जन्मलेल्या प्रत्येकाला हिंदी आपोआप येते, अशी आपली खात्री आहेच.

त्यापुढचा सल्ला असा, की ओळखीचा शब्द दिसला की तेथे अजिबात थांबू नये. अनोळखी शब्दासाठी माणूस शब्दकोश उघडतो, दोघांना विचारतो आणि वेळ वाया घालवतो. ओळखीच्या शब्दाला तो सन्मानाने जसाच्या तसा पलीकडे पोहोचवतो. आमच्या कार्यालयात गेल्या महिन्यात हेच झाले. कानपूरच्या एका घाऊक व्यापाऱ्याने 2,400 टॉवेलांची मागणी नोंदवली होती, दर 142 रुपये ठरला होता. नंतर त्याचा ईमेल आला: ‘संशोधित आदेश संलग्न है। कोई आपत्ति हो तो तीन दिन में सूचित करें, अन्यथा इसे स्वीकृत माना जाएगा।’ आमच्या हुशार कारकुनाने मालकांपुढे ठेवलेले मराठी असे होते: ‘संशोधित आदेश सोबत आहे. काही आपत्ती आल्यास तीन दिवसांत कळवावे, अन्यथा मान्य समजले जाईल.’

मालकांनी ते वाचले. ‘संशोधित’ म्हणजे त्यांच्याकडे नव्या डिझाइनवर काही संशोधन झाले असावे, असे त्यांना वाटले. आपत्ती म्हणावी, तर त्या तीन दिवसांत कारखान्याला आग लागली नाही, पूर आला नाही, भिंतही पडली नाही. त्यामुळे कळवण्यासारखे काही घडलेच नाही. हिंदीत ‘संशोधित’ म्हणजे सुधारित, ‘आपत्ति’ म्हणजे आक्षेप आणि ‘आदेश’ म्हणजे येथे मालाची ऑर्डर. सोबतच्या कागदावर दर 131 रुपये केलेला होता. नगामागे 11 रुपयांप्रमाणे 26,400 रुपये आम्ही एक अक्षरही न लिहिता सोडून दिले. आपत्ती आली होती, ती आम्हाला ओळखता आली नाही एवढेच.

यानंतर जे घडले ते प्रत्येक कार्यालयाने आदर्श म्हणून चौकटीत लावावे. चूक लक्षात आल्यावर मालक संतापले आणि त्यांनी मराठीत सांगितले, ‘या दराला आमची हरकत आहे, आणि आमची हरकत लेखी नोंदवून घ्या, असे त्यांना कळवा.’ कारकुनाने पाच मिनिटांत पाठवून दिले: ‘इस दर पर हमारी हरकत है। कृपया हमारी हरकत लिखित में दर्ज करें।’ आता हरकत हा अरबीतून आलेला शब्द; मूळ अर्थ हालचाल. मराठीत तो वाटेतल्या अडथळ्याकडे आणि तेथून आक्षेपाकडे गेला. हिंदीत हालचालीकडून तो वाईट चाळ्यांकडे वळला. ‘यह किसकी हरकत है?’ असे तिकडे काच फुटल्यावर विचारतात. म्हणजे आम्ही आमच्या लेटरहेडवर, मालकांच्या नावाने, दरात काहीतरी लबाडी आम्हीच केल्याचे कबूल केले आणि ती कृपया नोंदवून घ्यावी अशी विनंतीही केली. कानपूरहून अत्यंत सभ्य उत्तर आले: ‘आपकी ओर से क्या हरकत हुई है, कृपया स्पष्ट करें।’ आणि हे उत्तर वाचून कारकून मला म्हणाला, ‘बघा मॅडम, ते आपली हरकत समजून घेत आहेत.’

कपाळावर हात मारण्याचीही सोय राहिली नाही. जो शब्द मराठीत हरकत तोच हिंदीत आपत्ति, आणि जो मराठीत आपत्ती त्याला तिकडे विपत्ति किंवा आपदा म्हटले की घोटाळा राहत नाही, एवढी साधी अदलाबदल आहे. बाजारात ‘कोई हरकत नहीं’ म्हटले तर चालून जाते, कारण समोर माणूस असतो, मान हलते, हात हलतो, आणि त्याच्या मनात ‘कोई हर्ज नहीं’ आपोआप उमटते. ईमेलला मान नसते. त्याची प्रत निघते, ती वकिलाकडे जाते, आणि तिच्यात लिहिलेलेच खरे धरले जाते.

सहीसाठी करारनामा पाठवताना ‘सही करके भेजिए’ अवश्य लिहावे. हिंदीत सही म्हणजे बरोबर, आणि समोरच्याला करारातले कलम दुरुस्त करण्याचे आमंत्रण लेखी मिळते. आमच्याकडे उधारीचे दिवस 45 वरून 60 होऊन, व्यवस्थित खाडाखोड करून, करार परत आला. ‘हस्ताक्षर’ लिहिले असते तर बरे झाले असते, पण मराठीत हस्ताक्षर म्हणजे अक्षराचे वळण, तेव्हा तो शब्द आपण वापरणार नाही, हे ओघानेच आले.

‘आवश्यक कार्रवाई हेतु’, म्हणजे नुसत्या पुढच्या कार्यवाहीसाठी, असे पत्र आले की ‘कारवाईसाठी’ असे भाषांतर करून मालकांना वकिलाकडे पाठवावे.

‘माल कल निकला’ आणि ‘माल कल निकलेगा’ यांतले क्रियापद वाचू नये, ‘कल’ पाहून तारीख लिहावी.

नुसती ‘चादर’ लिहून दर पाठवावेत, म्हणजे तिकडचा माणूस ती गादीवर अंथरायची समजतो आणि आमची जाड, ओढायची सोलापुरी चादर पाहून ‘यह तो कंबल है’ असा फोटो पाठवतो.

स्पेलिंग तपासण्याच्या सोयीवर तर पूर्ण विश्वास ठेवावा. हरकत, सही, आपत्ति, सगळे शब्द हिंदीत शुद्धच असल्यामुळे एकाही शब्दाखाली लाल रेघ उमटत नाही. चूक सापडते ती वेगळ्याच ठिकाणी: व्याकरणाने निर्दोष असलेले वाक्य कोणताही शहाणा व्यापारी का लिहील, असा प्रश्न पडला पाहिजे. कानपूरच्या माणसाला आमच्याकडच्या पुराची बातमी तीन दिवसांत कशाला हवी होती? एवढे स्वतःला विचारले असते तरी 26,400 रुपये वाचले असते.

पण विचारायचे कोणी? मालक म्हणतात, भाषांतर काय, पोरगं करील. पोरगं म्हणतं, हिंदी तर येतेच. अरे, येत नाही! ऐकायला येते, भाव करायला येते, करार लिहायला येत नाही, आणि दोन्हींत फरक आहे हे कबूल करायला तुम्हाला लाज का वाटते? टॉवेलचे वजन ग्रॅममध्ये मोजता, रंगाचा पक्केपणा धुऊन पाहता, आणि ज्या कागदावर पैसे ठरतात तो कोणीही, कसाही, जेवणाच्या सुट्टीत करून टाकायचा? दर, मुदत आणि आक्षेप ही तीन वाक्ये तरी पाठवण्यापूर्वी उत्तरेकडच्या एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याला फोनवर वाचून दाखवा आणि ‘तुला काय समजले’ एवढे विचारा. दोन मिनिटे लागतात. दोन मिनिटे!

आज सकाळी त्याच व्यापाऱ्याची तक्रार आली आहे: 36 टॉवेलांच्या कडा उसवल्या आहेत. उत्तर तयार आहे, पहिली ओळ ‘आपकी तकरार मिली’ अशी आहे. तकरार म्हणजे भांडण. मी ते पत्र अडवून ठेवले आहे आणि ‘शिकायत’ लिहिल्याशिवाय ते या कार्यालयातून जाणार नाही, मालकांनी सांगितले तरी नाही.