साहेबांचा अर्जंट मेल आला की पैसे कसे घालवावेत

अकाउंट्समध्ये काम करता ना? मग आज ना उद्या तुम्हालाही डायरेक्टरसाहेबांचा अर्जंट मेल येणार. मला मागच्या शुक्रवारी आला. पैसे चोराच्या खात्यात बिनचूक पोहोचावेत म्हणून काय काय करायचं, ते सांगतो.

सगळ्यात आधी, नाव दिसलं की पुढचं काही बघू नका. मोबाईलवर तर नुसतं नावच दिसतं, पत्ता बघायला नावावर बोट ठेवावं लागतं. तेवढे कष्ट घेऊ नका. दारावर कुणाच्याही नावाची पाटी लावता येते, हे विसरून जा.

मला आधी एकच ओळ आली होती: "जागेवर आहात का?" मी लगेच "हो सर" लिहिलं. इथेच चोराला कळतं की गळाला मासा लागलाय. पंधरा मिनिटांनी दुसरा मेल: नवीन सप्लायर, आजच ॲडव्हान्स, खात्याचा तपशील सोबत. "मी मीटिंगमध्ये आहे, फोन घेता येणार नाही. हा व्यवहार गोपनीय आहे, सध्या कोणाला बोलू नका." वेळ दुपारी चार चाळीस. सोमवारपर्यंत कोणी हिशेब बघणार नाही, ही सोय चोराने आधीच केलेली.

घाई, गुप्तता, नवं खातं आणि फोन बंद. चारही एका मेलमध्ये आले की समजा साहेबांचा तुमच्यावर फार विश्वास आहे.

पत्ता मात्र माझ्या नजरेत आला. आमचं डोमेन इथे देत नाही, पण असं समजा की खरं हे आहे:

```
modern-tools.example
modem-tools.example
```

वरचं खरं, खालचं चोराचं. r आणि n शेजारी आले की डोळ्यांना m दिसतो, आणि शुक्रवारी चार चाळीसला तर दिसतोच. शिवाय असं डोमेन चोराने रीतसर विकत घेतलेलं असतं, त्यामुळे सर्व्हरच्या तपासण्यांतूनही त्याचा मेल आरामात पास होतो.

कधीकधी पाठवणाऱ्याचा पत्ता बरोबर असतो, पण 'रिप्लाय' दाबल्यावर भलताच पत्ता येतो. तो वाचू नका.

शंका आलीच तर त्याच मेलला उत्तर देऊन विचारा, "सर, हे तुम्हीच ना?" चोर अत्यंत प्रामाणिकपणे लिहील, "हो, मीच."

फोन करायचाच असेल तर मेलखाली सहीत दिलेला नंबर लावा. तोही चोरानेच दिलाय, उचलायला माणूस तयार असतो.

मी हे काहीच केलं नाही. माझ्या मोबाईलमध्ये आधीपासून असलेला साहेबांचा नंबर लावला. फोन लावायलाच लागतो, कारण पत्ता अक्षरन् अक्षर बरोबर असला तरी साहेबांचा मेलबॉक्सच चोराच्या हातात गेलेला असू शकतो. आणि उलट तुम्हालाच साहेबांच्या आवाजात फोन आला, तरी तो ठेवून आपण स्वतः लावायचा. आवाजाचीही नक्कल होते आता.

तर साहेबांनी फोन उचलला. "एवढ्यासाठी मीटिंगमधून उठवलंत? जरा स्वतःचं डोकं वापरा ना!"

डोकं वापरलं म्हणून तर फोन केला होता, साहेब! खोटा मेल आहे हे सांगितल्यावर "बरं, ठीक आहे" म्हणून फोन ठेवला. आभार वगैरे आपल्या खात्यात जमा होत नाहीत.

(पैसे गेलेच तर सोमवारपर्यंत गप्प बसा. त्याच तासात बँकेला कळवलं तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता असते, मग सगळी मजाच गेली.)

आता साहेब लोकांशी सरळच बोलतो. त्या चोराची भाषा आम्हाला खरी का वाटते? कारण ती तुमचीच भाषा आहे. "अर्जंट", "प्रश्न नको", "आधी पेमेंट करा, कागद नंतर बघू" हे वर्षानुवर्षं तुम्ही लिहिताय. २०१६ साली ऑस्ट्रियातल्या एफएसीसी या विमानाचे भाग बनवणाऱ्या कंपनीचे सुमारे ५ कोटी युरो याच पद्धतीने गेले, आणि नंतर तिथल्या सीईओंनाही पद सोडावं लागलं. त्यामुळे हा अकाउंट्सचा बावळटपणा म्हणून हात झटकू नका. नवं खातं असेल तर दोन जणांची मंजुरी आणि जुन्या नंबरवर फोन, हा नियम लिहून त्यावर सही करा. आणि तो पाळणाऱ्यावर खेकसू नका! एकदा खेकसलात की पुढच्या वेळी तो फोन करणार नाही, गुपचूप पैसे पाठवेल.

सोमवारी साहेबांचा मेल आला. खरा. स्वतःच्या खाजगी मेलवरून, विषय "अर्जंट", नवीन खातं, फोनचा उल्लेख नाही. मी फोन लावला. उचलला नाही. ते पेमेंट अजून माझ्या टेबलावर पडून आहे.