पोळीचं पीठ: गहू, मैदा की मल्टीग्रेन?

“मल्टीग्रेनच्या पोळ्या दुपारपर्यंत कडक होतात. थोडा मैदा मिसळू का?”

ताई, मैदा नको. त्याची पोळी तव्यावर मऊ लागते, पण गार झाली की चिवट होते, आणि कोंडा निघून गेल्यामुळे त्यात फायबर नावालाच उरतं. तुमच्या पोळ्या कडक होतात त्या ज्वारी, सोयाबीन, हरभऱ्यामुळे. या धान्यांत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे पोळी लाटताना कडा फाटतात आणि डब्यात ती लवकर सुकते.

इथे इंदूरला लोकवन गहू सहज मिळतो. चार किलो लोकवनमध्ये अर्धा किलो सालासकट काळे हरभरे आणि अर्धा किलो जव घालून चक्कीवरून दळून आणा. हरभरा डाळीचा नको, फायबर सालात असतं. कणीक कोमट पाण्याने, नेहमीपेक्षा जरा सैल भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. कोंडा पाणी हळूहळू शोषतो. बोटाने दाबल्यावर खड्डा सावकाश भरून आला की लाटायला घ्या. तरीही कडा फाटल्या तर पुढच्या दळणात गहू वाढवा.

पीठ बारीक चाळणीने मात्र चाळू नका, वर राहतो तो कोंडाच तर हवा असतो!

विकतच्या मल्टीग्रेन पुडीमागची यादी एकदा वाचाच. बऱ्याच पुड्यांत बहुतांश गहूच असतो, बाकीची धान्यं चिमूटभर, आणि भाव मात्र साध्या आट्यापेक्षा चढा. घरचं दळण, दळणावळ धरूनही, त्याहून स्वस्त पडतं.