मुलांनी मुलांना दिलेले मार्क आणि एका गटाला मिळालेला पाचचा आकडा

गेल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये एक सहकारी सर म्हणाले, "मॅडम, मुलं दोस्तीत मार्क देतात आणि भांडणात कापतात. तुम्ही कशाला त्या कागदांच्या मागे लागता?" मी तेव्हा काही बोलले नाही, कारण तास होता. पण तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी ऐरोलीत आठवीला शिकवते. वर्गात ४८ मुलं, सहा-सहांचे आठ गट. २०१० पासून आकारिक मूल्यमापनाची जी आठ साधनं आपण वापरतो, त्यातल्या शेवटच्या 'इतर' या रकान्यात सहाध्यायी मूल्यमापन आहे. बहुतेक शाळांत तो रकाना वर्षाच्या शेवटी अंदाजाने भरला जातो. मीही कित्येक वर्षं तसाच भरला. आता नाही भरत, कारण मुलांचे आकडे पक्षपाती असतात ही तक्रार खरी असली तरी तिच्यावर उपाय आहे, आणि त्याला गणिताच्या पुस्तकातल्या मध्यकापलीकडे काही लागत नाही.

आधी कागदाबद्दल. पानभर मावेल एवढाच, चार निकष, प्रत्येकाला १ ते ४ गुण, एकूण १६. पूर्वी मी पाचपैकी गुण ठेवले होते. तेव्हा निम्मा वर्ग डोळे मिटून ३ लिहायचा, कारण ३ दिलं की कुणी नाराज होत नाही. चारमध्ये मधला आकडाच नाही, त्यामुळे इकडे की तिकडे हे ठरवावं लागतं. निकष मी प्रश्न म्हणून लिहिते. गटाचा मुख्य मुद्दा मला एका वाक्यात सांगता येईल का? त्यांनी पुरावा दिला का? शेवटच्या बाकावर ऐकू आलं आणि चार्ट दिसला का? विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं का? प्रत्येक आकडा म्हणजे काय तेही खाली छापलेलं असतं. पुराव्याचंच बघा: एकही उदाहरण नाही तर १, उदाहरण आहे पण कुठून मिळालं ते सांगितलं नाही तर २, एक उदाहरण आणि ते कुठून मिळालं तेही सांगितलं तर ३, अशी दोन किंवा जास्त असतील तर ४. एवढं लिहिलं की मूल मनाने आकडा टाकत नाही, मोजायला लागतं.

दोन निकष मी मुद्दाम काढून टाकले, 'आत्मविश्वास' आणि 'शुद्ध भाषा'. माझ्या वर्गात ऐरोली गावातली, गोठिवलीतली आगरी बोलणारी मुलं आहेत, घरी हिंदी बोलणारी आहेत. पहिल्या वर्षी 'भाषा' या रकान्यात आगरी ढंगाने बोलणाऱ्या एका मुलीला सगळीकडून २ पडले. तिचं सादरीकरण वर्गातलं सगळ्यात नीट समजलेलं होतं. त्यात कुणाची दोस्ती नव्हती की भांडण नव्हतं. चूक माझ्या कागदात होती. पक्षपात आधी निकषातून शिरतो आणि तो नंतरच्या कुठल्याही हिशेबाने निघत नाही, कारण तिथे सगळेच एका बाजूला कललेले असतात.

मग वाक्यांची सुरुवात. मुलांना 'अभिप्राय लिहा' म्हटलं की 'छान झालं' येतं. मी सुरुवातीला 'मला आवडलं की...' अशी ओळ दिली होती, तर एका मुलाने लिहिलं, 'मला आवडलं की सगळ्यांनी टापटीप कपडे घातले.' त्याचा काही दोष नाही, ओळच तशी होती. आता कागदावर तीन सुरुवाती असतात:

"तुमचा ___ हा मुद्दा मला कळला, कारण तुम्ही ___."
"___ म्हणताना मी अडलो/अडले, कारण ___."
"मला अजून विचारायचं आहे की ___."

तिन्हींमध्ये रिकामी जागा भरायची तर समोर जे बोललं गेलं तेच लिहावं लागतं. आणि एक नियम: १ किंवा ४ द्यायचे असतील तर त्या रकान्यासाठी वाक्य हवंच. वाक्य नसेल तर कागद परत जातो.

प्रत्येक सादरीकरणाला उरलेल्या सात गटांतून एकेक मूल गुण देतं, म्हणजे सात कागद. बाकीची मुलं फक्त प्रश्न लिहितात. एका फेरीत आठही सादरीकरणं होईपर्यंत गटाचा गुण देणारा तोच राहतो, पुढच्या फेरीला बदलतो. फेरीच्या आधी मीच पाच मिनिटांचं, मुद्दाम उणिवा ठेवलेलं सादरीकरण करते आणि सगळा वर्ग मला गुण देतो. मग कुणी पुराव्याला ४ का दिले आणि कुणी १ का, यावर बोलतो. ही पंधरा मिनिटं वाचवायला गेलं की पुढचे सगळे आकडे भरकटतात.

आता त्या गटाकडे येते. विषय होता ठाणे खाडीतले फ्लेमिंगो. खाडी मुलांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे तयारी मनापासून केली होती. २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत आलं, हे सगळं चार्टवर होतं. त्यांना सात कागदांवर मिळालेले एकूण गुण असे: १३, १२, ५, १३, १२, ८, ११.

सरासरी काढली तर १०.६ येते. चढत्या क्रमाने लावून मधला, म्हणजे चौथा आकडा घेतला तर १२. माझे स्वतःचे गुणही १२ होते, ते मी मुलांचे कागद उघडण्याआधीच लिहून ठेवते. सरासरीत एकटा ५ सगळ्या गटाला खाली ओढतो. मध्यक ओढला जात नाही, कारण तिथे ५ च्या जागी १० असता तरी चौथा आकडा तोच राहतो. सातमधल्या तिघांनी मिळून डाव केला तरी मधला आकडा उरलेल्या चौघांपैकीच कुणाचा तरी असतो. चौघांनी केला की मात्र मध्यकही हातचा जातो, त्याबद्दल खाली लिहिते.

पण ५ आणि ८ हे दोन्ही कमी आकडे सारखे नव्हते, आणि इथेच आपण शिक्षक घाई करतो. दोन्ही कागदांवर लाल खूण करून मोकळे होतो. मी काय करते, तर गुण देणाऱ्या प्रत्येकाची ओळ बघते: त्या मुलाने प्रत्येक गटाला दिलेले गुण वजा त्या गटाचा मध्यक. आठ देणाऱ्या मुलीची ओळ अशी आली: −४, −४, −४, −३, −४, −४, −४. ती कुणाच्या विरुद्ध नाही, हात आखडता आहे एवढंच, आणि सगळ्यांना सारखाच. तिला बोलण्यासारखं काही नाही. उलट तिची वाक्यं वर्गात सगळ्यात नेमकी असतात. पाच देणाऱ्या मुलाची ओळ होती: +१, ०, −१, ०, +१, ०, −७. सहा गटांना त्याने अगदी वर्गासारखं तोललं आणि एकालाच सात गुणांनी खाली आणलं. पक्षपात म्हणतात तो हा. एक सुटा कागद बघून तो दिसत नाही, पूर्ण ओळ मांडल्यावरच दिसतो.

त्याचा कागद माझ्यासमोर होता. १, १, १, २. तीन एक्क्यांसाठी मिळून एकच शब्द, 'ठीक'. पेन एवढं दाबलं होतं की कागदाच्या मागच्या बाजूला आकडे उमटले होते. रिलेच्या संघातून त्याला वगळलं होतं आणि वगळणारा कप्तान फ्लेमिंगोच्या गटात होता, हे मला नंतर कळलं. मी त्याला मधल्या सुट्टीत बोलावलं, वर्गासमोर नाही. 'असं का केलंस' हे विचारलं नाही. कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, "या तीन एक्क्यांना वाक्यं दे. वाक्य सुचलं नाही तर आकडा बदल."

तो बराच वेळ बसून राहिला. मग दोन आकडे खोडून ३ केले. तिसरा खोडला नाही, १ तसाच ठेवला आणि त्यापुढे लिहिलं: "रामसर म्हणताना मी अडलो, कारण तुम्ही ते नाव तीनदा घेतलं आणि ते काय आहे ते सांगितलं नाही." शेवटचा २ चा ३ केला. एकूण १०.

मी तो १० घेऊन पुन्हा मांडणी केली. ८, १०, ११, १२, १२, १३, १३. मध्यक १२ च. म्हणजे गुणांसाठी त्याला बोलवायची गरजच नव्हती, तो हिशेब आधीच सुरक्षित होता. बोलावलं ते त्याच्यासाठी. आणि जे मिळालं ते माझ्यासाठीही होतं, कारण रामसरची गोष्ट माझ्याही लक्षात आली नव्हती. मला माहीत असलेला शब्द मी ऐकला आणि पुढे गेले.

म्हणून मी मुलांचे आकडे माझ्या आकड्याशी ताडते, पण माझाच खरा असं धरून चालत नाही. मध्यक आणि माझे गुण यांत तीन किंवा जास्त फरक आला की दोन्ही बाजूला ठेवून वाक्यं वाचते. एकदा सगळ्या वर्गाने ठरवून सगळ्यांना १६ दिले. मध्यक १६, माझे ११, आणि वाक्यांत काहीच नाही. त्या फेरीचे मुलांचे गुण मी धरलेच नाहीत आणि तसं वर्गाला सांगितलं. दुसऱ्या वेळी उलट झालं. मी एका गटाला ऐकू येण्याचे ४ दिले होते, मुलांनी १ आणि २. वाक्यं वाचली तर मागच्या तिन्ही बाकांवर एक अक्षर पोचलं नव्हतं. मी पुढे बसले होते. तिथे मी माझे गुण बदलले.

एका आईने पालक सभेत विचारलं होतं, "माझ्या मुलीला बाकीच्या मुलांनी मार्क का द्यायचे?" मी त्यांना सांगितलं की २० पैकी १५ मीच देते, मुलांच्या मध्यकातून फक्त ५ येतात. ते पाचही नकोत म्हणणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे, कारण ते काढले की वाक्यंही कुणी मन लावून लिहीत नाही. दोन फेऱ्या तसं करून पाहिलंय.

गटाला मी आधी वाक्यं वाचून दाखवते, स्वतःच्या तोंडून, कारण अक्षर ओळखीचं असतं. आकडे दुसऱ्या दिवशी. आकडे आधी दिले की वाक्यं कुणाच्याच कानात जात नाहीत.

फ्लेमिंगोच्या गटाला रामसरचं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा ते कुणाचं हे त्यांना कळलं नाही. पंधरा दिवसांनी त्यांनी तेच सादरीकरण सातवीच्या वर्गात केलं. मागच्या बाकावर तो मुलगाही होता, सामान उचलायला मीच नेलं होतं त्याला. कप्तानाने चार्ट लावला आणि पहिलंच वाक्य म्हणाला, "रामसर हे इराणमधल्या एका शहराचं नाव आहे. १९७१ मध्ये तिथे पाणथळ जागा वाचवायचा करार झाला, म्हणून आपल्या खाडीला ते नाव लागलं."