‘स्टॉप कागदावरच’ म्हणणाऱ्या वाचकास

*प्रतिक्रिया: “दोन लाखांच्या एक टक्क्याला स्टॉपच्या अंतराने भागायचं. हे गणित पाचवीतल्या पोरालाही येतं. ४८० चा शेअर, ४६० चा स्टॉप, १०० शेअर. बरं. मी ४७६ चा स्टॉप लावला तर ५०० शेअर येतात, म्हणजे दोन लाख चाळीस हजार. कुठून आणू? खर्चही धरलेला नाही. आणि सकाळी भाव ४५० ला उघडला तर तुमचा स्टॉप कागदावरच. मार्केट यार्डातल्या कांदेवाल्यालाही हे कळतं. दुकान जरा नीट चालवा.”*

नमस्कार. दोन लाखांच्या भांडवलात एका सौद्यात एक टक्काच जोखीम धरून किती शेअर घ्यायचे, या माझ्या लेखावरची ही तुमची प्रतिक्रिया. स्टॉप म्हणजे तोटा थांबवायला आधीच ठरवलेला विक्रीचा भाव. रात्री वाचलं, पण उत्तर मुद्दाम सकाळी लिहितोय. ‘दुकान’ कसलं हो? इथे ना टिप मिळते ना कोर्स. नवी पेठेत पत्ता विचारायचा तरी माणूस आधी ‘भाऊ’ म्हणतो, आपण मात्र थेट गल्ल्यावरच आलात.

खर्चाचं मान्य, ते लेखात राहिलं. डिलिव्हरीत घेताना आणि विकताना दोन्हीकडे ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर, लागतो. ४८० ला घेऊन ४६० ला विकलं तर शेअरमागे साधारण ९४ पैसे नुसते तिथेच जातात. वर स्टँप ड्युटी आणि बाकीचे आकार, शिवाय स्टॉप लागताना भाव थोडा खाली सरकतोच. शेअरमागे दोन रुपये धरा. मग अंतर २० ऐवजी २२ होतं आणि २,००० भागिले २२ म्हणजे ९० शेअर. अपूर्णांक नेहमी खालीच सोडायचा. आता हाच खर्च तुमच्या ४७६ ला लावून बघा. अंतर ४ चं ६ होतं, शेअर ५०० चे ३३३ होतात आणि रक्कम १,५९,८४०. खर्च धरला नाही म्हणून मला टोकता आणि स्वतःच्या हिशोबात तो विसरता, हे बरं आहे!

पण खरी गोम तुमच्या ४५० मध्ये आहे, आणि तीच तुम्ही उलटी वाचलीत. गॅप पडला, म्हणजे भाव मधले आकडे गाळून थेट खाली उघडला, की तोटा स्टॉपवर ठरत नाही, हातात किती शेअर आहेत त्यावर ठरतो. ४८० चा शेअर ४५० ला उघडला तर प्रत्येक शेअरमागे ३० रुपये गेले, स्टॉप ४६० ला असो की ४७६ ला. ९० शेअरवर २,७०० गेले, म्हणजे भांडवलाचा १.३५ टक्का. ठरवलेल्या एक टक्क्यापेक्षा जास्त, पण सोसण्यासारखा. तुमच्या ३३३ शेअरवर ९,९९० गेले, जवळपास पाच टक्के. कागदावर दोघांची जोखीम तेच दोन हजार होती. स्टॉप जितका जवळ, तितके शेअर जास्त आणि तितका गॅपचा फटका मोठा. शिवाय जो शेअर रोजच दहा-बारा रुपये वरखाली होतो, त्याला चार रुपयांचा स्टॉप लावला तर तो काही कारण नसतानाही उडतो.

यार्डाचा दाखला तुम्हीच दिलात म्हणून सांगतो. काल भाव काय होता यावर आज सौदा होत नाही. ज्याचा एक ट्रक आहे त्याचं नुकसान एका ट्रकचं, ज्याचे चार आहेत त्याचं चार ट्रकांचं. किती भावाला विकायचं हे दोघांनीही मनात पक्कं केलेलं असतंच.

म्हणून भागाकाराशिवाय दुसरी मर्यादा हवी: एका शेअरमध्ये भांडवलाच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त रक्कम नाही. पाव हिस्सा का? तर दहा टक्क्यांचा गॅप पडला तरी भांडवलाचं नुकसान अडीच टक्क्यांत राहतं. दोन लाखांचे ५०,००० होतात, भागिले ४८० म्हणजे १०४ शेअर. दोन्हींतला लहान आकडा घ्यायचा. ४६० च्या स्टॉपला ९०, तुमच्या ४७६ ला ३३३ नव्हे, १०४. एक्सेलमध्ये A1 ला भांडवल, B1 ला 1%, C1 ला खरेदीभाव, D1 ला स्टॉप लिहा:

```
=MIN(ROUNDDOWN(A1*B1/(C1-D1+2),0),ROUNDDOWN(A1*0.25/C1,0))
```

सूत्रातला 2 हा ४८० च्या आसपासच्या भावासाठी आहे. दोन हजारांच्या शेअरला तो पुरणार नाही, वाढवा.

स्टॉप खरोखर कागदावर राहतो तो वेगळ्या कारणाने. ट्रिगर ४६०, म्हणजे ऑर्डर जागी होण्याचा भाव, आणि लिमिट ४५८, म्हणजे त्याखाली विकायचं नाही, असा एसएल लावलात आणि भाव ४५० ला उघडला, तर ट्रिगर लागतो पण ऑर्डर ४५८ वर पेंडिंग पडून राहते. तुम्हाला वाटतं विकलं, होल्डिंगमध्ये शेअर तसाच. अशा सकाळी ऑर्डरबुक उघडून बघायचं आणि पेंडिंग दिसली तर मॉडिफाय करून मार्केटला काढायचं. सतरा वर्षं हेच करतोय, तेव्हा ‘कागदावर’ हा शब्द मला शिकवू नका.

पाचवीच्या पोराचं म्हणाल, तर त्याला भागाकार जरूर येतो. पण ऐंशी हजारांचा तोटा झाल्यावर टक्का दोन लाखांचा नाही, उरलेल्या १,२०,००० चा घ्यायचा, म्हणजे २,००० नव्हे १,२००, हे मोठ्या माणसांकडूनही राहतं. खर्चाची दुरुस्ती मूळ लेखात आज दुपारी करतो.