‘गोड बातमी’च्या फॉरवर्डला उत्तर

“‘गोड बातमी कधी?’ असं मोठी माणसं काळजीपोटीच विचारतात, त्यात वाईट काय वाटायचं? आणि मुलींनी टेन्शन घेणं सोडलं की आपोआप राहतं. आमच्या ओळखीत एकीने मूल दत्तक घेतलं आणि लगेच दिवस गेले!”

टेन्शनपासून सुरुवात करतो, कारण त्या वाक्याने दोष अलगद बाईच्या माथी जातो. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. साडेतीन हजारांवर स्त्रियांच्या आयव्हीएफसारख्या उपचारांत आधीच्या मानसिक ताणाचा आणि गर्भ राहण्या-न राहण्याचा संबंध दिसला नाही. ताण त्रासदायकच, पण बंद असलेली गर्भनलिका मन शांत केल्याने उघडत नाही.

शिवाय फक्त ‘मुलींनी’ का? साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीला असतं. वीर्यतपासणी सोपी आणि तुलनेने स्वस्त; तरी बायकोच्या चार तपासण्या होतात आणि नवऱ्याची राहून जाते. वर्षभर प्रयत्न करून दिवस गेले नाहीत, किंवा बायकोचं वय ३५च्या पुढे असून सहा महिने झाले, तर दोघांनी एकदमच तपासून घ्यावं.

दत्तक घेऊनही ज्यांना दिवस गेले नाहीत, त्यांची गोष्ट कोणी फॉरवर्ड करत नाही. एवढंच.

आता काळजी. आयव्हीएफमध्ये गर्भ आत सोडल्यावर रक्ततपासणीपर्यंत दोनेक आठवडे जातात. तारीख घरभर ठाऊक असेल तर त्या दिवशी फोन सुरू होतात, आणि निकाल नकारार्थी आला तर रडं आवरून तोच प्रत्येकाला सांगत बसावं लागतं. म्हणून तारीख कोणालाच सांगू नये. फार तर एका विश्वासाच्या माणसाला सांगावी, बाकीच्यांना तोच कळवेल.

ज्याचे नातेवाईक, त्याने बोलायचं. लग्नाच्या पंगतीत नवऱ्याच्या आत्याने सुनेला विचारलं, तर उत्तर नवऱ्याने द्यावं: “आत्या, सांगण्यासारखं झालं की मीच फोन करीन. हे तिला नको, मला विचारत जा.” पुढे लगेच आत्याच्या गुडघ्याची चौकशी. “डॉक्टरांकडे चालू आहे” असं चुकूनही म्हणू नये. मग कोणता डॉक्टर, काय निघालं, अमक्या वैद्यांकडे गेलात का, अशी माळ लागते. पुन्हा विचारलं तर तेच वाक्य, शब्दही न बदलता. आत्या फुगतील, फुगू द्या. बायकोच्या आईलाही हेच वाक्य देऊन ठेवावं, कारण तिलाही भिशीत आणि हळदीकुंकवात गाठतात.

उपचार नुकताच फसला असेल तर डोहाळजेवणाला बायकोने जायलाच हवं असं नाही. बारशाला नवऱ्याने एकट्याने जाऊन आहेर देऊन यावं.

झोप उडाली, पाळी आली की दोन-चार दिवस अंथरूण सुटत नाही, किंवा दोघं एकमेकांशी बोलणं टाळू लागली, तर समुपदेशकाकडे जावं. सरकारच्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि मराठीतही बोलता येतं.