पाच कंपन्यांच्या यादीवर फॉर्म मोजू नका

"अकाउंट बेस्ड मार्केटिंग म्हणजे हव्या त्या चार-पाच मोठ्या कंपन्यांची नावं लिंक्डइनवर टाकायची, जाहिरात लावायची आणि ती पाहून लोकांनी भरलेले फॉर्म आले की सेल्सला द्यायचे. महिन्याभरात फॉर्म आले नाहीत, तर आपल्याकडे हे चालत नाही."

ही समजूत नेहमी कानावर येते, आणि ती चुकीची आहे. अकाउंट बेस्ड मार्केटिंग म्हणजे मोजक्या कंपन्या निवडून मार्केटिंग आणि सेल्सने मिळून त्यांच्यावरच काम करणं. आधी जाहिरातीचं बघू. लिंक्डइनवर कॅम्पेन चालायला किमान ३०० सदस्य लागतात. चाकण-रांजणगावच्या पाच कारखान्यांतले फक्त मेंटेनन्स हेड निवडलेत, तर तेवढी माणसंच भरत नाहीत.

मशीनच्या कंपनांवरून बिघाड आधी ओळखणारे सेन्सर विकणाऱ्या भोसरीच्या एका छोट्या कंपनीचं हे काम मी केलं. हुद्द्याची अट काढली आणि मेंटेनन्सच्या जोडीला प्रॉडक्शन, आयटी, पर्चेस घेतले, तेव्हा संख्या भरली. दोन आठवड्यांनी कंपनीनिहाय आकडे उघडले, तर बहुतेक पैसा सर्वांत जास्त कर्मचारी असलेल्या एकाच कंपनीवर गेला होता. बजेट कंपन्यांत सारखं वाटलं जात नाही. मग तिचं कॅम्पेन वेगळं केलं, उरलेल्या चौघींचं वेगळं. ‘ऑडियन्स एक्स्पान्शन’ बंद ठेवा, नाहीतर यादीबाहेरच्यांनाही जाहिरात दिसते.

आता फॉर्म. मोठ्या कारखान्यात खरेदी एकटा माणूस ठरवत नाही. गरज मेंटेनन्सला कळते, डेटा बाहेर जाणार का हे आयटी विचारतं, पुरवठादार म्हणून नोंदणीचा व्हेंडर कोड पर्चेसकडे अडतो. त्यामुळे आम्ही मोजायचो ते एवढंच: प्रत्येक कंपनीत किती विभागांशी प्रत्यक्ष बोलणं झालं. जाहिरातीचा अहवाल कंपनी दाखवतो, माणूस नाही; "तुम्ही आमची जाहिरात पाहिलीत ना?" असं फोनवर कधीच म्हणू नये.

आणि सेल्सने फॉर्मची वाट पाहायची, ही तर सगळ्यात महागात पडणारी समजूत. आमच्याकडे एकाच आठवड्यात एका मेंटेनन्स मॅनेजरना मार्केटिंगची मेल गेली, त्यात मोफत चाचणी. दोन दिवसांनी सेल्सने फोन करून थेट किंमत सांगितली. ते म्हणाले, "आधी तुमच्यात बोलून घ्या, मग मला फोन करा." त्यानंतर दर सोमवारी अर्धा तास एकच शीट उघडायला लागलो: कंपनी, कोणाशी बोललो, काय सांगितलं, पुढचं पाऊल कोणाचं. दोन आठवडे स्पिंडलच्या बिघाडावर जाहिरात, मग त्याच विषयावर सेल्सच्या माणसाच्या नावाने मेल, तीन-चार दिवसांत त्याचाच फोन. आयटीचा प्रश्न आला की त्या कॅम्पेनमधली जाहिरात बदलायची: डेटा कारखान्यातच राहतो.

राहिला महिना. व्हेंडर नोंदणी, एका मशीनवर चाचणी, मग पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये जागा, असा तो रस्ता आहे. आमची पहिली चाचणी चौथ्या महिन्यात लागली, आणि त्या कंपनीतून तोवर एकही फॉर्म आला नव्हता.