ऋण प्रचरण आणि एक फिरता संदेश

«लहान नमुन्यावरून समष्टीचे प्रचरण काढताना काय-वर्गाच्या तक्त्यात डोके घालू नका. १) ९५% विश्वास अंतराल म्हणजे s² ± 1.96 · s² · √(2/(n−1)), बस्स. २) काय-वर्ग चाचणी मोजदादीच्या तक्त्यांसाठी असते, प्रचरणाशी तिचा संबंध नाही. ३) वितरण प्रसामान्य नसले तरी केंद्रीय सीमा प्रमेय सांभाळून घेते. ४) परिकल्पना नाकारली गेली नाही, की प्रचरण तेवढेच आहे हे सिद्ध झाले. सर्व विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवा.»

हा संदेश मला माझ्या भाचीने पाठवला. ती एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात नुकतीच रुजू झाली आहे आणि पाकिटे भरणाऱ्या यंत्राच्या अहवालात तिने पहिले सूत्र वापरलेही होते. प्रकरण परीक्षेतल्या गुणांपुरते राहिलेले नसल्यामुळे उत्तर सविस्तर देणे भाग आहे.

तिच्याकडे सहा पाकिटांची वजने होती: ५०१, ५०४, ४९८, ५०७, ४९६ आणि ५०० ग्रॅम. सरासरी ५०१ येते, सरासरीपासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज ८० येते, आणि तिला n−1 म्हणजे ५ ने भागले की नमुन्याचे प्रचरण १६, म्हणजे प्रमाण विचलन ४ ग्रॅम. आता संदेशातले सूत्र लावून पाहा. अंतराल येतो उणे ३.८ पासून ३५.८ पर्यंत. प्रचरण ही वर्गांची सरासरी आहे. ते ऋण असूच शकत नाही. अहवालात मात्र खालची मर्यादा ‘० धरली’ असे लिहून काम भागवले होते, कारण तसे करावे असा सल्ला त्याच गटात कोणीतरी दिला होता.

हा दोष या सहा पाकिटांचा नाही. 1.96 · √(2/(n−1)) ही राशी n आठ किंवा त्याहून कमी असेपर्यंत १ पेक्षा मोठीच राहते, त्यामुळे वजने कोणतीही घ्या, खालची मर्यादा दर वेळी शून्याखालीच जाणार. ज्या लहान नमुन्यांसाठी म्हणून हे सूत्र वाटले जात आहे, त्यांच्यासाठीच ते निरर्थक उत्तर देते, हे वाटणाऱ्यांपैकी एकानेही एकदा आकडे घालून पाहिलेले दिसत नाही.

खरा धोका मात्र वरच्या टोकाला आहे. समष्टी प्रसामान्य असेल तर (n−1)s²/σ² ही राशी n−1 स्वातंत्र्य मात्रांच्या काय-वर्ग वितरणाप्रमाणे वागते. हे वितरण शून्यापासून सुरू होते आणि त्याची उजवी शेपटी लांब असते. पाच मात्रा असताना s² हे खऱ्या σ² पेक्षा कमी येण्याची शक्यता सुमारे ५८% असते. म्हणजे लहान नमुना बहुतेक वेळा चढउतार कमीच दाखवतो आणि ती तूट अधूनमधून येणाऱ्या मोठ्या किमती भरून काढतात. म्हणून योग्य अंतराल s² च्या वर फार लांब आणि खाली थोडाच पसरायला हवा. ± लावून दोन्हीकडे सारखे अंतर सोडले, की हीच गोष्ट पुसली जाते.

योग्य रीत दोन भागाकारांची आहे. पाच मात्रांसाठी काय-वर्गाच्या तक्त्यातल्या २.५% आणि ९७.५% बिंदूंच्या किमती ०.८३१ आणि १२.८३३. ८० ला १२.८३३ ने भागले की खालची मर्यादा ६.२, आणि ०.८३१ ने भागले की वरची ९६.३. वर्गमूळ घेतले तर प्रमाण विचलन २.५ ते ९.८ ग्रॅम. तक्त्यातली मोठी किंमत खालची मर्यादा देते, इथे अनेकांची अदलाबदल होते; मिळालेल्या दोन मर्यादांच्या मध्ये १६ बसते आहे आणि वरचे अंतर खालच्यापेक्षा मोठे आहे, एवढे पाहिले तरी ती चूक लगेच सापडते. संदेशातल्या सूत्राने वरची मर्यादा ६ ग्रॅमवर थांबली होती. सहाच्या नमुन्यासाठी त्या तथाकथित ९५% अंतरालात खरे प्रचरण सुमारे ८२% वेळाच सापडते, आणि जेव्हा निसटते तेव्हा ते नेहमी वरच्या बाजूलाच असते. यंत्र जास्त हेलकावे खात असताना ‘ठीक आहे’ असा निर्वाळा मिळतो, तो असा.

यात अर्धे सत्य आहे, तेही मान्य करतो. प्रसामान्य समष्टीसाठी s² ची प्रमाण त्रुटी खरोखरच σ²√(2/(n−1)) आहे आणि नमुना शेकड्यांत गेला की दोन्ही रीती जवळ येतात. तरीही २०० मात्रांना काय-वर्गाने s² ची ०.८३ ते १.२३ पट मिळते आणि सूत्राने ०.८० ते १.२०, असमानता तिथेही पुरती जात नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. मोजदादीच्या तक्त्यांची काय-वर्ग चाचणी कार्ल पीअर्सन यांनी १९०० साली मांडली. प्रसामान्य नमुन्याच्या प्रचरणाचे वितरण हेल्मर्ट यांनी त्याआधीच, १८७६ मध्ये, काढलेले होते. वितरण एकच, उपयोग दोन.

तिसरा मुद्दा जास्त घातक आहे, कारण तो सरासरीबाबत बऱ्याच अंशी खरा असल्यामुळे पटकन पटतो. जॉर्ज बॉक्स यांनी १९५३ साली ‘बायोमेट्रिका’मध्ये दाखवून दिले, की सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या चाचण्या अप्रसामान्यता बऱ्यापैकी सोसतात, पण प्रचरणाच्या चाचण्या सोसत नाहीत. कारण असे, की s² चे स्वतःचे प्रचरण समष्टीतल्या विचलनांच्या चौथ्या घाताच्या सरासरीवर, म्हणजे शेपट्या किती जाड आहेत यावर, अवलंबून असते. लाप्लास वितरणासारख्या जाड शेपट्या असतील, तर मोठ्या नमुन्यात ते प्रसामान्यच्या अडीच पट होते, आणि ९५% म्हणून काढलेला काय-वर्ग अंतराल प्रत्यक्षात ७८-७९% वेळाच बरोबर ठरतो. नमुना कितीही वाढवला तरी हे सुधारत नाही. केंद्रीय सीमा प्रमेय s² ला घंटेचा आकार देते, पण तिची रुंदी दुरुस्त करत नाही. सहा वजनांवरून प्रसामान्यता तपासण्यात अर्थ नाही. त्यासाठी त्याच यंत्राच्या जुन्या नोंदी काढाव्यात, प्रसामान्य संभाव्यता आलेखावर मांडाव्यात आणि टोकाचे बिंदू रेषेपासून दूर फेकले जातात का ते पाहावे. तसे होत असेल तर ही रीत वापरूच नये.

राहिला चौथा मुद्दा. यंत्राचे प्रमाण विचलन ३ ग्रॅमपेक्षा जास्त नसावे अशी अट होती, म्हणून शून्य परिकल्पना σ² = ९ आणि पर्याय त्याहून जास्त. चाचणीची राशी ८० भागिले ९, म्हणजे ८.८९, पाच टक्के पातळीची सीमा ११.०७. परिकल्पना नाकारता येत नाही, p सुमारे ०.११. पण वरचाच अंतराल सांगतो, की ९.८ ग्रॅमचे विचलनही याच सहा वजनांशी विसंगत नाही. खरे विचलन ५ ग्रॅम असते, तर सहा पाकिटांची ही चाचणी ते सुमारे ५५% वेळाच पकडते. उरलेल्या ४५% वेळा बिघडलेले यंत्र उत्तीर्ण होते. ५ ग्रॅमचे विचलन किमान ९०% खात्रीने पकडायचे असेल, तर २५/९ हे गुणोत्तर तक्त्यातल्या ९५% आणि १०% बिंदूंच्या गुणोत्तराशी ताडून पाहावे लागते. १६ मात्रांना ते २.८२ येते, म्हणजे हव्या असलेल्या २.७८ पेक्षा अजून जास्तच. १७ मात्रांना २७.५८७ भागिले १०.०८५, म्हणजे २.७४, आणि तिथे अट पूर्ण होते. म्हणून भाचीला सहाऐवजी अठरा पाकिटे तोलायला सांगितले आहे.